पुसलेली दोन टिंबं

लातूरच्या ट्यूशन एरियात अंबरीशचं डीटीपीचं दुकान होतं, आणि त्या दुकानाची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, तिथून निघालेला कागद आरशासारखा स्वच्छ असायचा. दुसरी, अंबरीशच्या तोंडाला कुलूप होतं. मोठमोठे क्लासवाले आपले चाचणी पेपर त्याच्याकडे टाईप करायला द्यायचे आणि निर्धास्त झोपायचे. शेजारच्या चहावाल्यानं एकदा नुसतं विचारलं होतं की उद्याचा पेपर फिजिक्सचा आहे का केमिस्ट्रीचा, तर अंबरीशनं त्याला आठवडाभर चहाच सांगितला नव्हता.

अशा माणसाच्या बायकोनं संगीत शिकवावं आणि त्याला त्यातलं ओ की ठो कळू नये, हे तसं नवलच. पण होतं तसं खरं. राजश्री मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची, घरी पेटीवर रियाज करायची, आणि अंबरीश तेवढ्या वेळात भाजी आणून यायचा. त्याला गाणं आवडत नव्हतं असं नाही. ते चालू असलं की घर भरल्यासारखं वाटतं, एवढं त्याला कळायचं, आणि त्याच्या मते नवऱ्याला एवढं कळलेलं पुष्कळ होतं.

शाळा भूकंपानंतरची. किल्लारीकडची गावं पडली तेव्हा लातूरच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत ती सुरू झाली होती. आलेल्या मुली बोलत नव्हत्या. नाव विचारलं तरी जमिनीकडे बघायच्या. तेव्हा विशीतल्या राजश्रीनं पेटी आणून नुसता सा धरला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका पोरीनं तो उचलला. त्या पेटीची ने-आण सायकलवरून करायला जो पोरगा होता, तो अंबरीश. पुढचं सांगायला नको. पत्रे जाऊन स्लॅब आला, पण संगीताचा तास तेव्हापासून कुणी हलवला नव्हता.

आता मात्र तो हलायच्या बेतात होता. शाळेचे सचिव धोंडप्पा अण्णा यांची डाळमिल होती, आणि डाळीत खडा आणि शाळेत रिकामा तास या दोन गोष्टी त्यांना खपत नव्हत्या. पालक येऊन सांगत होते की सगळ्या शाळांनी सातवीपासून डॉक्टरकी-इंजिनिअरिंगचं फाउंडेशन सुरू केलंय, आपल्यातच पोरी सारेगम करायल्यात. अण्णांनी राजश्रीला बोलावून घेतलं.

"बाई, गाणं वाईट हाय असं मी म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणता, पोरी मागून म्हणतात. ह्याच्यात शिकणं कुठं आलं? पाठांतरच करायचं तर गणिताची सूत्रं करू द्या की."

राजश्रीला ते लागलं. "अण्णा, माझ्या पोरी मागून म्हणत नाहीत. वाचतात. स्वरलिपी पुढं ठेवा, धडा वाचावा तशा वाचून गातील. कधी न पाहिलेली ओळ असली तरी."

अण्णा व्यवहारी माणूस. तिथल्या तिथं सौदा ठरला. अण्णांच्या ओळखीचे रेणुकादास गुरुजी नांदेडला होते, जुन्या काळचे संगीतशिक्षक. ते परीक्षक. पुस्तक त्यांच्याकडचं, लातुरात कुणाकडं नसलेलं. सातवीला भूप राग झालेला होता, म्हणून त्यातल्या भूपाच्या पानांवर अण्णा डोळे मिटून बोट ठेवणार आणि बोटाखाली येईल ती एक ओळ. ती ओळ कागदावर छापायची, खाली दोन-तीन प्रश्न, आणि शनिवारी सकाळी सातवीच्या पोरींनी ती सोडवायची आणि गायची. जमलं तर तास राहील. नाही जमलं तर सोमवारपासून तिथं गणित.

"आणि छापायचं कुणी?" राजश्रीनं विचारलं.

"आता लातुरात गुपचूप छापणारा एकच माणूस हाय," अण्णा म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तो माणूस समोरच्या बाईंचा नवरा आहे. मग म्हणाले, "चालंल. अंबरीशचं मला ठाऊक हाय."

त्यांची खात्री होती, पण शाळेतल्या सगळ्यांची नव्हती. अण्णांच्या खोलीतून बातमी बाहेर आली तशी शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली की आता काय, नवऱ्यानं पेपर काढायचा आणि बायकोनं सोडवायचा. राजश्रीच्या कानावर ते आलं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "तुमच्याकडं काय येईल ते दुकानातच ठेवा. घरात आणू नका."

"आणतोय कशाला," अंबरीश म्हणाला, आणि पुढचे चार दिवस दोघांनी त्या विषयाला हातसुद्धा लावला नाही.

पुस्तक आलं ते डाळमिलच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. पानांचा रंग कडक चहासारखा झालेला, शिवण उसवायला आलेली. अण्णांनी खुणेची चिठ्ठी घातलेल्या पानावर वरून चौथ्या ओळीशी पेन्सिलीनं बारीक रेघ केली होती. अंबरीशनं शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागला.

हे काम त्याला फार आवडायचं. जुन्या पुस्तकातली आकृती उचलून नव्या पेपरात अशी बसवायची की ती तिथंच जन्मली असं वाटावं. त्यानं पुस्तक स्कॅनरवर पालथं घातलं. शिवणीकडची बाजू काचेला टेकत नव्हती, तिथं ओळ वाकडी आणि काळी येत होती, म्हणून झाकणावर डिक्शनरी ठेवली आणि हलक्या हातानं दाबून धरली. पहिला स्कॅन तिरका आला. दुसराही किंचित तिरका होता, तो त्यानं फोटोशॉपमध्ये फिरवून सरळ केला, मधल्या उभ्या रेघा ताठ उभ्या राहीपर्यंत.

मग ओळ कापायची. हेही वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ओळी दाटीनं छापलेल्या होत्या. वरून मोकळी जागा ठेवून चौकट धरली तर वरच्या ओळीच्या खालचे गुणिले, दोन, शून्य, तीन चौकटीत डोकावत होते. ते काय आहेत हे अंबरीशला ठाऊक नव्हतं, पण आपल्याही ओळीच्या खाली तसेच गुणिले, दोन, शून्य, तीन आहेत हे त्यानं पाहिलं. म्हणजे वरचे वरच्या ओळीचे, खालचे आपल्या ओळीचे. त्यानं वरची कड खाली घेतली, पण 'रे'च्या मात्रेला धक्का लागू दिला नाही, आणि खालची कड शून्याच्या खाली सोडली. न कळणारी गोष्ट जशीच्या तशी ठेवायची, हा त्याचा नियम होता.

चौकट कापली आणि पडद्यावर एकच ओळ राहिली:

ग रे सा ध़ | सा रे ग – | ग प ध सां | ध प ग रे

पण कागद अजून चहाच्या रंगाचा होता, आणि मागच्या पानावरची अक्षरं पुढं उमटली होती. त्यानं पांढरं वाढवलं, काळं गडद केलं. मागची अक्षरं विरली, कागद पांढरा झाला. उरली ती धूळ. जुन्या कागदावरचे डाग, शाईचे शिंतोडे, किडीनं पाडलेली भोकं, सगळे आता ठळक काळे ठिपके होऊन बसले. यंत्राला सांगून ते एकदम काढता येतात, पण त्यात बारीक अक्षरंही झिजतात, म्हणून अंबरीश ते काम हातानं करायचा. चित्र मोठं करून, खोडरबर बारीक करून, एकेक ठिपका.

अर्ध्याहून अधिक साफ झाल्यावर त्याला दोन ठिपके अडले. एक चौथ्या अक्षराखाली, 'ध'च्या पोटाशी. दुसरा तिसऱ्या खान्यातल्या शेवटच्या 'सा'च्या डोक्यावर. दोन्ही जरा गोलसर होते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण त्याची नजर पंधरा वर्षं मुद्रितशोधनात मुरलेली. त्यानं ओळीवरून नजर फिरवली. 'सा' तीन वेळा आलाय, दोनदा टिंबाविना. 'ध' तीन वेळा आलाय, दोनदा टिंबाविना. एकाच ओळीत एकच अक्षर दोन तऱ्हेनं कोण छापेल? क्लासच्या पेपरात एकदा 'बल' आणि एकदा 'बळ' आलं तर मुलांचा गोंधळ उडतो, म्हणून सगळीकडे एकसारखं करणं हा त्याचा धर्मच होता.

त्यानं दोन्ही ठिपके पुसले. मग ओळ परत लहान करून पाहिली. इतकी सुरेख, इतकी शुभ्र ओळ त्या पुस्तकालाही कधी लाभली नसेल. त्याला वाटलं, राजश्रीनं ही पाहिली तर खूष होईल, आणि आपण काही दाखवू शकत नाही याचं त्याला वाईट वाटलं. त्यानं खाली गुरुजींनी लिहून दिलेले प्रश्न टाईप केले, ताल कोणता, सम कुठे, बिनटाळीची खाली कितव्या मात्रेवर, प्रती काढल्या, पाकीट लाखेनं बंद केलं आणि पुस्तक गुरुजींकडे रवाना केलं.

शनिवारी सकाळी तो पाकीट घेऊन शाळेत पोचला तेव्हा राजश्री व्हरांड्यात बसली होती. वर्गात यायची तिला मनाई होती, म्हणजे मानेनं वा हातानं खुणा नकोत. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अंबरीश तिच्या जवळून गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत तिला इतकं घाबरलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

आत रेणुकादास गुरुजी पेटीमागे मांडी घालून बसले होते, पांढरी टोपी, जाड चष्मा, मांडीवर ते पुस्तक. अण्णा खुर्चीवर. पाकीट फोडलं, कागद वाटले. पोरी खाली माना घालून वाचू लागल्या. कुणी मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती, कुणी ओठ हलवत होती. प्रश्नांची उत्तरं भराभर झाली. गुरुजींनी चार कागद चाळले. त्रिताल, सम पहिलीवर, खाली नववीवर. ते अण्णांकडे बघून मान हलवून म्हणाले, "हे बरोबर आहे."

मग त्यांनी पेटीची काळी पाच पट्टी दाबून सा दिला. पोरींनी हातावर ताल धरला आणि एका आवाजात ओळ उचलली.

ग, रे, सा, आणि तिथून सूर एकदम टणकन वर उडाला. परत खाली आला. पुढे पायऱ्या चढत गेला, आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवायच्या ऐवजी धपकन तळाला येऊन पुन्हा उडी मारून वर. अंबरीशला गाण्यातलं कळत नव्हतं, पण हे ऐकून त्यालाही खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत बसल्यासारखं झालं. पोरी मात्र गंभीर चेहऱ्यानं गात होत्या. एकीचाही सूर दुसरीपासून हटला नव्हता.

गुरुजींनी चष्मा वर केला. "पुन्हा म्हणा."

पुन्हा तेच, अगदी तसंच. त्यांनी एकेकीला उभं करून म्हणायला लावलं. खिडकीजवळची, मधली, मागची राजकन्या नावाची उंच पोरगी. प्रत्येकीनं तीच उडी मारली आणि तिथंच धपकन आली.

अण्णांना गाण्यातलं अंबरीशइतकंही कळत नव्हतं, पण माणसाचा चेहरा वाचता येत होता. "चुकलं का?"

गुरुजींनी पुस्तकाकडे पाहत पेटीवर ओळ वाजवली. ती वेगळीच होती. सा पासून सूर हळूच खाली उतरला, पाण्यात पाय सोडावा तसा, परत आला, आणि तिसऱ्या खान्यात चढत चढत वरच्या सा वर जाऊन टेकला.

"पुस्तकात असं आहे," गुरुजी खिन्नपणे म्हणाले. "इथं ध खालच्या सप्तकातला, हे बघा खाली टिंब. आणि इथं सा वरच्या सप्तकातला, डोक्यावर टिंब. मुलींनी दोन्ही मधल्या सप्तकात घेतले. मुलींना टिंबं वाचता येत नाहीत असं दिसतं."

"झालं मग," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण निर्णय होता. "बाईंना आत बोलवा."

गुरुजींचं बोट ज्या जागेवर होतं ती जागा अंबरीश पुरती ओळखत होता. पडद्यावर ती त्यानं तळहाताएवढी मोठी करून पाहिली होती. त्याचं पहिलं मन म्हणालं, गप बस. सगळे क्लासवाले तुझ्या स्वच्छ कागदावर विश्वासून आहेत. अंबरीशनं पेपरातलं काही खोडलं असं एकदा बाहेर गेलं की दुकानाला कुलूप लावायची पाळी येईल. आणि दारात राजश्री उभी होती. पोरींचे चेहरे बघून तिला सगळं कळलं होतं, आणि ती रडत नव्हती, नुसती उभी होती, पत्र्याच्या खोलीत पेटी घेऊन उभी राहायची तशी.

"ती टिंबं मी पुसली," अंबरीश म्हणाला.

कुणालाच कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेना. "मला वाटलं धूळ आहे. दुसऱ्या ध ला न्हाई, दुसऱ्या सा ला न्हाई, म्हणून ह्यांचीही काढली. एकसारखं केलं. पोरींच्या कागदावर टिंबंच न्हाईत, अण्णा."

अण्णांचे डोळे बारीक झाले. "बायकोसाठी अंगावर घ्यायलास का?"

"कागद बघा ना."

गुरुजींनी एका पोरीच्या हातातला कागद घेतला, पुस्तकाशेजारी धरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कागद पेटीवर टेकवून त्यांनी त्यावरची ओळ जशी छापली होती तशी वाजवली. टणकन उडी, धपकन खाली. पोरींनी गायलं होतं ते हुबेहूब. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"कागदावर हेच आहे," गुरुजी म्हणाले. "पण आता परीक्षा झाली म्हणायची की नाही, हे मला सांगता येत नाही. कागदच चुकीचा."

"थांबा," अण्णा म्हणाले.

ते उठून उभे राहिले. डाळीचा नमुना तळहातावर घेऊन बघावा तसे ते कागदाकडे बघत होते. "मला एक सांगा गुरुजी. भूपातलं गाणं असं टणाटण उड्या मारत जातं का?"

"छे. कानाला बरं लागत नाही. कुणी असं शिकवणारच नाही."

"म्हणजे बाईंनी शिकवलेलं न्हाई. कुठं ऐकलेलं न्हाई. अंबरीशनं बाईंना ओळ सांगितली असती तर बाईंनी पुस्तकातली घोकून घेतली असती, आणि पोरी पुस्तकातली म्हणल्या असत्या." अण्णा आता पोरींकडे वळले. "आणि ह्या म्हणल्या ते सगळ्या ब्रह्मांडात फक्त ह्या कागदावर हाय. एक न्हाई, दोन न्हाई, वर्गच्या वर्ग. हे पाठांतर कसं असंल?"

गुरुजींचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"वाचल्या," ते म्हणाले. "कानाला खटकत असूनही लिहिलेलं वाचल्या. अहो, हे तर मोठ्यांनाही जमत नाही. आपण सवयीनं गोड करून गातो."

राजश्री दारातून पुढं आली. तिनं कागद हातात घेतला, पहिल्यांदाच, आणि त्या शुभ्र, निष्कलंक ओळीकडे पाहून तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. "काय हो हे," ती म्हणाली, "किती स्वच्छ केलंय."

गुरुजींनी पोरींना पेन्सिली काढायला लावल्या. चौथ्या अक्षराखाली टिंब. तिसऱ्या खान्यातल्या शेवटच्या सा वर टिंब. आणि न वाजवता, न सांगता, पुन्हा म्हणा म्हणाले.

या वेळी सा नंतर सगळा वर्ग खाली उतरला. अंबरीश भिंतीला टेकून उभा होता. तो सूर खोल गेला तसा त्याला पत्र्याची खोली आठवली, आणि ओळ चढत जाऊन वरच्या सा वर पोचली तेव्हा त्यानं जवळच्या पोरीच्या कागदावरचं पेन्सिलीचं टिंब वाकून पाहिलं. एवढंसं टिंब, आणि त्याच्या आत एवढं सगळं होतं. घरात रोज हे चालायचं आणि आपण भाजी आणायला जात होतो, याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हळहळ.

"तास राहील," अण्णा म्हणाले. "फाउंडेशन शाळा सुटल्यावर घेऊ, कुणाला पाहिजे त्याला." मग ते अंबरीशपाशी थांबले. "आणि तू. पुढच्या खेपेला छापलेलं हाय तेवढं ठेव. धर्म करू नको."

दुकान काही बंद पडलं नाही. उलट अण्णांनीच डाळमिलवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट इतक्या रंगवून सांगितली की दोन दिवसांत क्लासवाल्यांपर्यंत पोचली, आणि त्यातलं टिंब मागं पडून एकच गोष्ट पुढं राहिली, की ह्या माणसानं घरच्या बाईलासुद्धा पेपर सांगितला नाही. नवीन दोन क्लास गिऱ्हाईक झाले.

परीक्षेच्या त्या शनिवारी शाळेतून दोघं पायीच घरी निघाली. कोपऱ्यावर भाजीवाली दिसली तशी अंबरीशनं पाकिटाची रिकामी पिशवी उलगडली आणि त्याची पावलं सवयीनं तिकडं वळली.

"भाजी मी आणते," राजश्री म्हणाली. "तुम्ही घरी जाऊन पेटी काढून ठेवा. आज खालच्या ध पासून सुरू करू."

अंबरीश उन्हात तसाच उभा राहिला. "मला येईल?" त्यानं विचारलं.

"आता टिंबं तर दिसायला लागलीत," ती म्हणाली, आणि पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.